‘जात होतो’ की ‘जायचो’? एका निबंधातल्या काळाच्या चुका

नागपुरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. 2020च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून माझ्या वर्गात घरी हिंदी बोलणारी मुलं बरीच असतात. त्यातल्या एका मुलाच्या निबंधाची ही हकिगत आहे. त्याचं आजोळ मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी आहे. घरी हिंदी, वर्गात इंग्रजी आणि मैदानावर नागपुरी मराठी, असा त्याचा दिवस जातो. निबंधाचा विषय होता ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’.

मुलानं मनापासून लिहिलं होतं. सुटी नव्हे, सुट्टीच, अगदी भरलेली. आजीला त्यानं शेवटपर्यंत ‘नानी’ म्हटलं आणि मीही तो शब्द तसाच राहू दिला, कारण ती त्याची नानीच आहे. त्या निबंधातला काही भाग त्यानं लिहिला तसाच देते:

‘मागच्या मे महिन्यात मी नानीच्या गावी गेलो होतो. आम्ही सकाळी बसने निघालो होतो आणि दुपारी पोहोचलो होतो. नानीने आम्हाला पन्हे दिले होते. आम्ही रोज सकाळी नदीवर जात होतो. छोटे मामा आम्हाला पोहायला शिकवत होते. रात्री नानी गोष्टी सांगत होती आणि आम्ही अंगणात झोपत होतो. एक दिवस आम्ही आंबे पाडत होतो. तेव्हा पाऊस पडून राहिला होता. आम्ही पळत घरी आलो. पाहतो तर काय, नानीची म्हैस ओसरीवर उभी आहे! संध्याकाळी नानीने सांगितले की मोठे मामा दुसऱ्या दिवशी जबलपूरहून येणार होते.’

हा उतारा ओझरता वाचला तर फारसं काही खटकत नाही. एकेक वाक्य सुटं काढलं तर बहुतेक वाक्यं कुठे ना कुठे बरोबर ठरतील. ‘आम्ही नदीवर जात होतो’ यात चूक काय? काहीच नाही. चूक ‘रोज सकाळी’ या शब्दांशेजारी बसल्यावर होते. काळाच्या चुका अशाच असतात. रूप बरोबर असतं, फक्त जागा चुकलेली असते. म्हणून मुलाला त्या दिसत नाहीत आणि नुसतं लाल गोल करून त्याला कळतही नाहीत.

त्याच्या आधीच्या निबंधावर मी तेच केलं होतं. प्रत्येक चुकीवर गोल, वर बरोबर रूप. त्यानं सुधारलेला निबंध स्वच्छ अक्षरात उतरवून आणला आणि पुढच्या निबंधात त्याच चुका पुन्हा केल्या. दुरुस्ती माझी होती, त्यानं फक्त ती उतरवली होती. या वेळी मी आधी लाल पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिलीनं निबंधातली सगळी क्रियापदं अधोरेखित केली. ती 38 भरली. त्यातली 17 काळाच्या दृष्टीनं चुकीच्या जागी होती. मग ती सतरा एका कोऱ्या कागदावर उतरवून एकसारख्या चुका एकाखाली एक लावल्या. सतरा चुकांची चारच कुळं निघाली. रोजच्या सवयीसाठी ‘करत होतो’ आठ वेळा, गरज नसताना शेवटी ‘होतो’ पाच वेळा, ‘पडून राहिला’सारखं रूप दोनदा आणि ‘येणार होते’ दोनदा.

आठाचं कुळ सर्वांत मोठं होतं आणि त्याचं कारण हिंदीत आहे. हिंदीत सवयीसाठी ‘हम जाते थे’ आणि त्या क्षणी चालू असलेल्या क्रियेसाठी ‘हम जा रहे थे’ अशी दोन वेगळी रूपं आहेत. मुलाच्या कानाला ‘जाते थे’च्या सगळ्यांत जवळचं मराठी रूप वाटतं ‘जात होतो’. अक्षरं जुळतात, घडण जुळते, म्हणून तो ते उचलतो. पण मराठीत ‘जात होतो’ हे मुख्यतः ‘जा रहे थे’चं काम करतं. सवयीसाठी आपल्याकडे ‘जायचो’ आहे आणि पुस्तकी लेखनात ‘जात असू’ आहे. म्हणजे या मुलाला मराठीत हा भेदच नाही असं वाटत नव्हतं. तो भेद त्याच्या डोक्यात पक्का होता, फक्त मराठीत त्यासाठी कुठलं रूप घ्यायचं हे चुकत होतं. हे लक्षात आल्यावर माझं काम निम्मं झालं. त्याला कल्पना शिकवायची नव्हती, फक्त शब्द दाखवायचा होता.

गंमत अशी की त्याच उताऱ्यात ‘एक दिवस आम्ही आंबे पाडत होतो’ हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. (‘एके दिवशी’ हवं, पण ती वेगळी गोष्ट.) आंबे पाडणं चालू असताना पाऊस आला, म्हणून ‘पाडत होतो’. तीच घडण, तोच ‘होतो’, वर चूक आणि खाली बरोबर. मी सरसकट लाल केलं असतं तर हे वाक्यही त्याच्या मनात चूक ठरलं असतं. म्हणून अभिप्रायात चुकीच्या वाक्याशेजारी त्याचंच हे बरोबर वाक्य ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या कुळात मला स्वतःला थांबून विचार करावा लागला. ‘मी नानीच्या गावी गेलो होतो’ ही सुरुवात अस्सल मराठी आहे. कुठलीही जुनी हकिगत आपण अशीच उघडतो. ‘परवा मी बाजारात गेले होते’ म्हटलं की ऐकणारा सरसावून बसतो, कारण आता काहीतरी सांगितलं जाणार आहे. पण एकदा दार उघडल्यावर पुढच्या घटना साध्या भूतकाळात चालत जातात. निघालो, पोहोचलो, नानीने पन्हे दिले. ‘दिले होते’ म्हटलं की वाचणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. पन्हे दिले होते, मग काय, सांडलं का? ‘होते’ त्या घटनेला मागे नेऊन ठेवतं, दुसऱ्या कुठल्या तरी घटनेच्या आधी. तशी दुसरी घटना नसेल तर गोष्ट पुढे सरकतच नाही आणि पाच वाक्यं जागच्या जागी उभी राहतात.

तिसऱ्या कुळानं मला सर्वांत जास्त अडवलं. ‘पाऊस पडून राहिला होता.’ हिंदीतल्या ‘पड़ रहा था’ची ही सरळ नक्कल आहे असं वाटतं. पण नागपुरात राहणाऱ्या माणसाला माहीत आहे की ‘काय करून राहिला बे’, ‘पाऊस पडून राहिला’ हे इथल्या मातीचं मराठी आहे. त्याचे मराठी मित्रही तसंच बोलतात आणि माझे सासरचे लोकही. त्याला चूक म्हणणं म्हणजे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरच्या भाषेला चूक म्हणणं. ते मला करायचं नव्हतं. दुसरीकडे, परीक्षेतला निबंध प्रमाण मराठीत अपेक्षित असतो, आणि त्या मराठीत ‘तो दिवसभर पडून राहिला’ याचा अर्थ तो अंथरुणात लोळत होता असा होतो. पाऊस पडून राहिला म्हणजे पुण्याच्या वाचकाला पाऊस आडवा झालेला दिसेल. म्हणून अभिप्रायात इथं ‘चूक’ हा शब्द मी वापरलाच नाही.

चौथं कुळ दोनच वाक्यांचं, पण अर्थ उलटा करणारं. ‘मोठे मामा येणार होते’ हे वाचून मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘मग का आले नाहीत?’ मधल्या सुटीत वही दाखवल्यावर त्यानं लगेच खाली लिहिलं, ‘आले ना मॅडम, सकाळीच आले.’ मराठीत ‘येणार होते’ म्हटलं की बेत फसल्याचा वास येतो. येणार होते, पण गाडी चुकली. त्याला सांगायचं होतं ‘येणार आहेत’. हे हिंदीतून आलेलं नाही, हिंदीतही नानी काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगतात. त्याच सत्रात इंग्रजीच्या तासाला रिपोर्टेड स्पीच चालू होतं. ‘विल’चं ‘वुड’ करायचं, वाक्य एक पाऊल मागे न्यायचं, असा नियम त्यानं पाठ केला होता आणि मराठीतही लावला होता. मराठीत बोलणाऱ्याचा काळ मागे न्यावा लागत नाही. नानी ज्या क्षणी बोलली त्या क्षणाचाच काळ राहतो.

आणि एक वाक्य मी चुकून लाल करणार होते. ‘पाहतो तर काय, नानीची म्हैस ओसरीवर उभी आहे!’ सगळा निबंध भूतकाळात आणि मध्येच वर्तमानकाळ, म्हणून पेन्सिल तिथं आपोआप गेली. मग वाक्य मोठ्यानं वाचलं. आपण सगळे हकिगत सांगताना ऐन मोक्याच्या जागी असेच वर्तमानात शिरतो. ‘दार उघडतो, तर समोर हा!’ संपूर्ण निबंधातलं सर्वांत मराठी वाक्य तेच होतं. ते त्यानं पुस्तकातून नाही, कुणाच्या तरी तोंडून उचललं होतं. मी पेन्सिलीची खूण खोडली.

असं सगळं झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर जो अभिप्राय लिहिला तो असा:

‘तुझी नानी, तिचं अंगण आणि ती म्हैस मला दिसली. “पाहतो तर काय, म्हैस ओसरीवर उभी आहे” हे वाक्य असंच ठेव. बाकी सगळं भूतकाळात असलं तरी इथं वर्तमानकाळच हवा.

आता फक्त क्रियापदांच्या काळाबद्दल बोलू. शब्दांच्या लिंगाच्या काही चुका आहेत, त्या आज बघायच्या नाहीत.

एक. जे रोज घडायचं त्यासाठी तू “करत होतो” लिहिलं आहेस. असं आठ ठिकाणी झालं आहे.
तुझं वाक्य: आम्ही रोज सकाळी नदीवर जात होतो.
असं लिही: आम्ही रोज सकाळी नदीवर जायचो.
तुझं वाक्य: रात्री नानी गोष्टी सांगत होती आणि आम्ही अंगणात झोपत होतो.
असं लिही: रात्री नानी गोष्टी सांगायची आणि आम्ही अंगणात झोपायचो.
पण “आम्ही आंबे पाडत होतो” हे तुझं वाक्य बरोबर आहे. का बरोबर आहे ते तूच शोध. हिंदीत “जाते थे” म्हणशील तिथं “जायचो”, “जा रहे थे” म्हणशील तिथं “जात होतो”. उरलेली पाच वाक्यं तू दुरुस्त कर.

दोन. पहिलं वाक्य “गेलो होतो” छान आहे. त्यानंतर गोष्ट पुढे चालू दे.
तुझं वाक्य: आम्ही सकाळी बसने निघालो होतो आणि दुपारी पोहोचलो होतो.
असं लिही: आम्ही सकाळी बसने निघालो आणि दुपारी पोहोचलो.
“होतो” कधी लागतं ते बघ: आम्ही पोहोचलो तेव्हा छोटे मामा शेतावर गेले होते. ते आधी गेले, आपण नंतर पोहोचलो.

तीन. “पाऊस पडून राहिला होता.” आपण नागपुरात असंच बोलतो आणि बोलताना ते बरोबरच आहे. निबंधात लिहिताना “पाऊस पडत होता” असं लिही. नानी किंवा मित्र बोलताना दाखवायचा असेल तर अवतरणचिन्हांत “पडून राहिला” खुशाल लिही.

चार. तुझं वाक्य: नानीने सांगितले की मोठे मामा दुसऱ्या दिवशी येणार होते.
असं लिही: नानीने सांगितले की मोठे मामा उद्या येणार आहेत.
नानी त्या संध्याकाळी जे शब्द बोलली तेच लिही. “येणार होते” लिहिलंस तर मला वाटतं, ते आलेच नाहीत.

शुक्रवारपर्यंत फक्त पहिल्या मुद्द्याची पाच वाक्यं दुरुस्त करून दाखव. निबंध पुन्हा उतरवू नकोस.’

हे लिहायला चाळीसेक मिनिटं लागली. पन्नास वह्यांना हे जमणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण वर्गात घरी हिंदी असलेली अकरा मुलं आहेत आणि त्यांच्यातल्या नऊ जणांच्या वह्यांत पहिलं कुळ हेच निघालं. म्हणजे हा अभिप्राय एकदा नीट लिहिला की पुढच्या वहीत फक्त उदाहरणं बदलावी लागतात. उदाहरणं मात्र त्या त्या मुलाच्याच निबंधातली हवीत, कारण ‘राम शाळेत जात असे’ वाचून कुणाचीच नानी डोळ्यांपुढे येत नाही.

व्याकरणाच्या पुस्तकांत या रूपाला रीतिभूतकाळ म्हणतात आणि उदाहरण सहसा ‘मी लिहीत असे’ असं असतं. मी ते मुद्दाम टाळलं. ‘जात असे, जात असू, जात असत’ ही रूपं त्यानं मैदानावर कधी ऐकलेली नाहीत. ‘जायचो’ त्याच्या कानावर रोज पडतं. परीक्षेत दोन्ही चालतात. ऐकलेलं रूप आधी लिहिण्यात येऊ दे, पुस्तकी रूप नववीत आणता येईल.

शुक्रवारी पाचपैकी चार वाक्यं बरोबर आली. पाचवं वाक्य आलं ते असं: ‘नानीने मला रोज दूध द्यायची.’ ही नवी चूक माझ्याच दुरुस्तीतून जन्मलेली होती. त्याला माहीत होतं की ‘नानीने दूध दिले’ यात ‘ने’ लागतो, म्हणून त्यानं तो ‘द्यायची’लाही लावला. ‘दिले’मध्ये क्रियापद दुधाच्या मागे जातं, म्हणून नानीला ‘ने’ लागतो. ‘द्यायची’मध्ये क्रियापद नानीच्याच मागे जातं, म्हणून नानी मोकळी. नानी द्यायची, मामा द्यायचे, मी द्यायचो. दूध, पन्हे, आंबे काहीही असो, फरक पडत नाही. हे त्याला फळ्यावर दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, मग हे सोपं आहे.’ खरंच सोपं आहे. हिंदीतही ‘नानी देती थी’ला ‘ने’ लागत नाहीच. मी पहिल्या अभिप्रायातच एक ओळ घातली असती तर ही चूक झाली नसती. आता घालते.

दुसरी अडचण पुढच्या आठवड्यात आली. ‘जायचो’ हातात आल्यावर तो सगळीकडे वापरायला लागला. ‘त्या दिवशी मी झाडावर चढायचो आणि पडलो.’ एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘चढायचो’ चालत नाही. मी समासात एवढंच लिहिलं, ‘रोज?’ त्यानं खोडून ‘चढलो’ केलं. तेव्हापासून ‘रोज?’ हा आमचा खुणेचा शब्द झाला आहे, मला पूर्ण वाक्य लिहावं लागत नाही. शिवाय ‘मला नदीवर जायचं होतं’ हे इच्छेचं वाक्य आणि ‘मी नदीवर जायचो’ हे सवयीचं वाक्य यांची तो एकदा सरमिसळ करून बसला. ‘मला’ आलं की ‘जायचं होतं’, ‘मी’ आलं की ‘जायचो’, एवढ्यावर ते सुटलं.

काही वाक्यं मी जाणूनबुजून मोजली नव्हती. ‘तेव्हा नानी जुन्या घरात राहत होती’ असं वाक्य निबंधात पुढे होतं. राहणं, असणं, ओळखणं अशा लांबवर चालणाऱ्या गोष्टींना ‘राहत होती’ मराठीत बिनदिक्कत चालतं. ‘आम्ही तिथे टीव्ही बघत नव्हतो’ हेही सोडलं, कारण नकारात ‘बघत नव्हतो’ आणि ‘बघायचो नाही’ दोन्ही ऐकू येतात. हिंदीचा नियम घट्ट लावला तर अशी चांगली वाक्यंही कापली जातात. ज्याला पहिलं पाऊलच टाकायचं आहे त्याला हे अपवाद एकदम सांगितले तर तो पुन्हा गोंधळेल, म्हणून अभिप्रायात त्यांचा उल्लेखच केला नाही.

पुढचा निबंध ‘पावसाळ्यातला एक दिवस’ होता. त्यातली तीन वाक्यं इथं देते: ‘आम्ही रोज सायकलने शाळेत जायचो. त्या दिवशीही जात होतो, तेवढ्यात पाऊस आला. मित्र ओरडला, “अबे, पाऊस येऊन राहिला ना!”’ सवय, चालू क्रिया, घटना आणि अवतरणात नागपूर, चारही आपापल्या जागी. क्रियापदं या वेळी 34 होती, काळाच्या चुका 5. त्यातल्या तीन जादा ‘होता’च्या. ‘येणार होते’ एकदाही नाही. त्याच पानावर खाली ‘मी छत्री उघडला’ आणि ‘मी पुस्तक वाचला’ ही वाक्यं आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे पुस्तकाचं वाचलं होताना तो अडखळतो. त्या दोन वाक्यांखाली मी पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली आहे. पुढचा अभिप्राय त्यांच्यावर लिहायचा आहे.